मदत हवी आहे: सेल्समनने पाठवलेल्या आलेखात तेलाची विक्री तिप्पट दिसते, शंभर डबे बुक करू का?

किराणा_अमळनेर
राम राम मंडळी. अमळनेरला माझं किराणा दुकान आहे. रिफाइंड सोयाबीन तेलाच्या सेल्समनने कंपनीच्या छापील रिपोर्टमधल्या एका आलेखाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. चार उभे खांब आहेत, एप्रिल-जून २०२४ पासून जानेवारी-मार्च २०२५ पर्यंत. शेवटचा खांब पहिल्याच्या तिप्पट उंच. तो म्हणतो, "भाऊ, बघा मागणी कशी वाढतेय, शंभर डबे आगाऊ बुक करा, स्कीम लावून देतो." माझ्या गल्ल्यात अशी वाढ दिसत नाही. फोटो तिरका आहे आणि डावीकडची घडी आकड्यांवर आलीये. हे वाचायचं कसं?

भुसावळकर
फोटो तिरका आहे ना, तिथेच गोम आहे. मोबाइल ज्या बाजूला जवळ असतो तिकडचे खांब मोठे दिसतात. सरळ फोटो मागवा, सगळे सारखे निघतील.

आकडेमोड_जळगाव
भुसावळकर, तिरकेपणाने थोडा फरक पडतो, पण तिप्पट नाही होत. खांबाच्या टोकापासून मागच्या फिक्या आडव्या रेषेने डावीकडे जा, म्हणजे फोटो कसाही असला तरी आकडा सापडतो. अमळनेरवाले भाऊ, घडीखालचा सगळ्यात खालचा आकडा कोणता आहे? आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय? झूम करून बघा.

किराणा_अमळनेर
खाली ४००, मग ४१०, ४२०, असं वर ४४० पर्यंत. कोपऱ्यात "रु. लाखांत". रेषेने गेलो तर खांब ४१२, ४१८, ४३१ आणि ४३६ असे लागतात.

आकडेमोड_जळगाव
मग तिप्पट कुठून आलं ते उघड आहे. पट्टी शून्यापासून नाही, ४०० पासून सुरू केलीये. पहिल्या खांबाचे फक्त वरचे १२ दिसतात आणि शेवटच्याचे ३६. खालचे ४०० दोघांचेही कापलेत. खरी वाढ ४१२ ची ४३६, म्हणजे शेकडा सहाच्या आत.

आता कोपऱ्यातले "रु. लाखांत" बघा. हे रुपये आहेत, डबे नाहीत. केंद्राने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं, त्याआधी ते शून्य होतं. म्हणजे पहिले दोन खांब जवळपास पूर्ण जुन्या भावाचे आणि पुढचे दोन चढ्या भावाचे. तुमच्या खरेदीच्या बिलांवर १५ किलोच्या डब्याचा भाव काय होता?

बियाणे_शिरपूर
माझ्याकडे कापसाचा असाच आलेख आलाय, त्यात "लाख गाठी" लिहिलंय. तेही रुपयेच का? आणि सरकीचं तेल ठेवावं का दुकानात?

किराणा_अमळनेर
जून २०२४ ला १५६०, फेब्रुवारी २०२५ ला २०१०.

आकडेमोड_जळगाव
४१२ लाखांना १५६० ने भागा, सुमारे २६,४०० डबे येतात. ४३६ लाखांना २०१० ने भागा, सुमारे २१,७००. भाव २९ टक्के चढला आणि गल्ला सहा टक्केही नाही वाढला, म्हणजे माल शेकडा १७-१८ ने कमीच गेला. हा अंदाज आहे बरं का. कंपनीचा भाव तुमच्या बिलापेक्षा कमी असणार आणि पाऊचचा हिशोब वेगळा. पण दोन्ही तिमाहींत तो फरक सारखाच असेल, तर उताराची दिशा बदलत नाही.

शिरपूरकर, गाठी हे वजन आहे, एक गाठ १७० किलो रुईची. तिथे भावाचा घोळ नाही, पण पट्टी कुठून सुरू होते ते बघाच. सरकीच्या तेलाचं मला नाही सांगता येणार.

ढाबेवाला_धुळे
डबे कमी गेले हे मला नाही पटत. ऑक्टोबरनंतर आमच्याकडे तेल जास्तच लागतं. थंडीत भरीत पार्ट्या, वर शेवभाजीची तर्री. मी तर जास्त डबे उचलले.

आकडेमोड_जळगाव
तुमचं खरं असेल, धुळेकर. पण हंगामातही कंपनीचे डबे वाढलेले दिसत नाहीत, म्हणजे घरगुती गिऱ्हाईकाने हात आखडला असावा किंवा ते दुसऱ्या ब्रँडकडे गेलं असावं. यातलं कोणतं, ते या आलेखातून कळत नाही. आणखी एक विचारा: ही विक्री कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिलेल्या मालाची की दुकानदारांनी उचललेल्या? मार्चला टार्गेटसाठी डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल भरतात, तोही शेवटच्या खांबात असू शकतो.

किराणा_अमळनेर
आत्ताच फोन केला. डब्यांचे आकडे मागितले तर "वर विचारून सांगतो" म्हणाला. गोदामाचं विचारलं, तर त्यावर काही बोलला नाही. सध्या नेहमीचे वीस डबे सांगितलेत, बाकीचं आकडे आल्यावर.