मदत हवी आहे: रिमचा हिशोब जुळत नाही, महिन्यात ७१० ताव कमी

कागदमोजणी

आमचा कराडला छोटा ऑफसेट छापखाना आहे. मशीन, गिऱ्हाईक बाबा बघतात, कागदाचा हिशोब सहा महिन्यांपासून मी एक्सेलमध्ये ठेवते. पांढरा मॅप्लिथो, ७० जीएसएम, २३ × ३६ इंचाचा ताव, रिमला ५००.

गेल्या महिन्यात सुरुवातीला १२ रिम होते, १० घेतले, कामांना १५.४ गेले. म्हणजे ६.६ उरायला हवेत. रॅकवर मोजले तर ५ रिम आणि सुटे ९० ताव. ७१० ताव गेले कुठे? प्रत्येक कामाला ५ टक्के वेस्टेज आधीच धरलंय.

नमुन्याला एक काम: ४० बिलबुकं, प्रत्येकी ५० पांढरी पानं, म्हणजे २००० पानं. एका तावात १६ पानं बसतात, म्हणून १२५ ताव, अधिक ५ टक्के, झाले १३२. यात काय चुकलं?

रद्दीवाला_मित्र

रिमच कमी भरतात हो. वजन करून घेत जा. २३ गुणिले ३६ गुणिले ७०, भागिले ३१००, म्हणजे १८.७ किलो. आमच्याकडे एकदा १८.२ भरला, तेव्हापासून मी काट्याशिवाय रिम उतरवूनच घेत नाही.

ट्रेडलच्या काळातला

सूत्र बरोबर, निष्कर्ष घाईचा. कागद ७० ऐवजी ६८ जीएसएमचा निघाला तरी पूर्ण ५०० तावांचा रिम १८.२ च भरतो. वजनावरून मोजायचंच असेल तर त्याच रिममधले ५० ताव हाताने मोजा, त्यांचं वजन करा आणि त्यावरून बाकीचे काढा.

ताई, तुमची चूक ५ टक्क्यांत आहे. ही बिलबुकं तुम्ही पावतावावर छापत असणार, ११.५ × १८ वर चार पानं. म्हणजे ५०० पावताव. त्याचे ५ टक्के २५. प्लेट लावली, शाई-पाणी जमलं, मार्जिन बसलं, एवढ्यातच ५० जातात. वर नंबरिंगला १५ तरी जादा छापावे लागतात, कारण ३१७ नंबरचं पान फाटलं तर तोच नंबर परत मारायला छापलेलं पण नंबर न मारलेलं पान हाताशी लागतं. सेटिंगला ५०० च्या कामातही ५० आणि ५००० च्या कामातही ५०. म्हणून तो आकडा टक्क्यात नाही, नगात धरा:

```
=ROUNDUP((B2/C2+D2)/E2,0)
```

B2 मध्ये पानं, C2 मध्ये मशीनच्या तावात बसणारी पानं, D2 मध्ये मशीनचे जादा ताव, इथे ६५, E2 मध्ये पूर्ण तावाचे तुकडे. तुमच्या कामाला १४२ येतात, १३२ नाही. आणि शाई धरेपर्यंत जुने छापील ताव फिरवा, कोरा कागद मार्जिन बघण्यापुरताच.

झेरॉक्स_कॉर्नर

आम्ही ए-फोरचे तयार रिम घेतो. कटिंगची कटकट नाही, हिशोब सोपा. तुम्हीही तेच करा ना.

कागदमोजणी

@झेरॉक्स_कॉर्नर दादा, आमचं मशीन वेगळं आहे, बिलबुकं तशी होत नाहीत.

@ट्रेडलच्या काळातला काका, अशी छोटी कामं २६ होती. प्रत्येकी साधारण ११ ताव धरले तर २८६. अजून ४२४ राहतात.

ट्रेडलच्या काळातला

लेटरहेड किती केली? एका तावात किती धरता? आणि कटिंग मशीनच्या मागे जाऊन बघा, साडेसहा इंच रुंद लांब पट्ट्या पडल्यात का.

कागदमोजणी

आहेत! पोतंभर. आमच्या कटिंगवाल्या मामांना विचारलं तर हसले. म्हणाले, "ए-फोर आठ कुठून बसतील, सहाच बसतात. तुम्ही कधी विचारलंत?" माझ्या शीटमध्ये लेटरहेडला ८ आहे. बाबांच्या वहीतून तसंच उचललं होतं.

ट्रेडलच्या काळातला

वही जुनी असणार. पूर्वी लेटरहेड साडेआठ बाय अकरा असायचं, ते आठ बसतं. ए-फोरची उंची ११.६९ इंच, तावाचं अर्धं होतं साडेअकरा. पाव इंचापेक्षा कमी फरकाने अख्खी ओळ जाते.

आडवं-उभं मिसळून सात निघतात, पण त्यातल्या तीन पानांचा ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, बाकीच्या चारांच्या उलट येतो. लेटरहेड गिऱ्हाईकाच्या लेझर प्रिंटरमधून जाणार, तिथे ती वळली तर बोलणी तुम्हाला बसतील. त्यापेक्षा ए-फोरसाठी २५ × ३६ मागवा, नऊ बसतात. बाजूला अर्धा सेंटीमीटरच उरतो, तेव्हा कडेपर्यंत छपाई असेल तर नाही चालणार.

रद्दीवाला_मित्र

पट्ट्या रद्दीत घालू नका, चिठ्ठ्यांची पॅडं होतील.

कागदमोजणी

महिन्यात लेटरहेड ६०००. आठने ७५०, सहाने १०००. म्हणजे २५० सापडले. आता १७४ उरले. दोन रंगांची चार-पाच कामं होती, ती उद्या बिलं काढून बघते. मामा म्हणतात, पावसात रॅकचा सगळ्यात खालचा रिम भिजला होता, त्यातले किती टाकले ते त्यांनाही आठवत नाही.