मदत हवी आहे: व्हॉइसओव्हर तिसऱ्यांदा परत आला, 'कृत्रिम वाटतं' म्हणून

धागाकर्ती: शेतकऱ्यांसाठीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे, शनिवारी द्यायचाय. आधी प्रमाण भाषेत केला, तर 'बातम्या वाटतात'. मग 'राजेहो', 'करून राहिले' घातलं, तर 'आमची नक्कल करता का?' कोणता हेल धरू?

ध्वनिवेडा: माइक कोणता? खोलीत घुमतं का?

धागाकर्ती: आवाज स्वच्छ आहे. प्रश्न भाषेचा आहे.

वऱ्हाडकर: विषय काय, जिल्हे कोणते, तुम्ही मूळच्या कुठल्या?

धागाकर्ती: कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. यवतमाळ, जळगाव, परभणी. मी पुण्याची.

बोलीप्रेमी: सोपं आहे. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' करा, जळगावसाठी अहिराणी. तीन आवृत्त्या काढा.

तापीकाठ: जळगाव म्हणजे सगळी अहिराणी नव्हे! आमच्या यावल-रावेरकडे लेवा गणबोली बोलतात. अहिराणी ऐकवलीत तर व्हिडिओ दुसऱ्या कुणासाठी केलाय असं वाटेल.

वऱ्हाडकर: आणि 'अयी' तर म्हणूच नका. आमच्यातलेही कितीतरी जण सभेत 'अळी'च म्हणतात. शब्द उचलता येतो, हेल येत नाही. तो चुकला की पहिल्या वाक्यातच कळतं. तुमच्या स्वतःच्या हेलात बोला. संहितेतलं एखादं वाक्य टाका बरं.

धागाकर्ती: 'शेतकरी बांधवांनी प्रति हेक्टर पाच कामगंध सापळे लावावेत व सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आढळल्यास फवारणी करावी.'

वऱ्हाडकर: खोट इथं आहे. 'लावावेत', 'आढळल्यास', 'व' हे कागदावरचं मराठी, कोणत्याच जिल्ह्यात कुणी असं बोलत नाही. शेतकरी हिशेब एकरात करतो. असं म्हणून बघा: 'एकराला दोन सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. एकेका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग पडले, की फवारणी करायची.' मोठ्यानं वाचताना श्वास पुरला पाहिजे. 'झाले', 'केले' छापलं असलं तरी 'झालं', 'केलं' म्हणा. 'कपाशी'च ठेवा. आमच्याकडं पऱ्हाटी म्हणतात, पण कपाशी तिन्हीकडं कळते.

बोलीप्रेमी: मग बोली मरणारच. सगळं एकसारखं करून टाका.

वऱ्हाडकर: बोली हवी तर त्या गावचा माणूस बोलवा, पैसे द्या, आणि संहिता त्यालाच बदलू द्या. पुण्याच्या तोंडी ती घालू नका.

तापीकाठ: 'शेतात'ऐवजी 'वावरात' म्हणा, जवळचं वाटतं.

परभणीकर: आमच्याकडं वावर चालतं, पण तुमच्या तोंडी मला 'शेत'च बरं वाटेल.

तापीकाठ: मला नाही पटत. वावर हा काही नकलेचा शब्द नाही.

धागाकर्ती: वाक्यं मोडून पुन्हा वाचलं. मूळ दोन मिनिटांचं दोन मिनिटं वीस सेकंदांवर गेलं, म्हणून सुरुवातीचं 'बांधवांनो' वगैरे काढतेय. 'शेत' आणि 'वावर' दोन्ही रेकॉर्ड केलंय. उद्या तिन्ही जिल्ह्यांतल्या एकेका शेतकऱ्याला फोनवर ऐकवते.

ध्वनिवेडा: फोनवर ऐकवणार असाल तर खालचे सूर थोडे कमी करा.