मदत हवी आहे: मॅप ग्रोथमध्ये आरआयटी २१४ वरून २११, मुलगी मागे पडतेय का?

घोडबंदर_आई
मुलगी पाचवीत, घोडबंदर रोडवरच्या एका इंटरनॅशनल शाळेत. तिथे मॅप ग्रोथ ही संगणकावरची चाचणी वर्षातून काही वेळा घेतात, तिचा गुण म्हणजे आरआयटी. गणिताचा आरआयटी पहिल्या फेरीत २१४ होता, हिवाळी फेरीत २११. पर्सेंटाइल त्याहून जास्त घसरलं. बाईंनी पालकसभेत "स्कोअर पडलाय, लक्ष द्या" एवढंच सांगितलं. मुलगी म्हणते, निम्मे प्रश्न तरी चुकले असतील. मध्येच न शिकवलेलं आलं आणि लगेच एकदम सोपं. सोपा प्रश्न आला म्हणजे आधीचं चुकलं, असं समजून ती घाबरली. हा गुण वाचायचा कसा?

खारघर_बाबा
साधं आहे. बरोबर आलं की कठीण, चुकलं की सोपं. सुरुवातीच्या ८-१० प्रश्नांवरच सगळं ठरतं. तिथे नीट बसवलं की झालं.

वर्तकनगर४
सीईटीचंही तसंच. पुतण्याची शिफ्ट कठीण निघाली, पर्सेंटाइल कमी आलं. शाळेला नॉर्मलायझेशनचा फॉर्म्युला विचारा.

मापन_वाशी
वर्तकनगर४, सीईटीत एका शिफ्टमधल्या सगळ्यांची कसोटी सारखीच असते आणि तुलना शिफ्टशिफ्टमध्ये करावी लागते. इथे प्रत्येक मुलाला वेगळेच प्रश्न येतात. पण प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच मोजून त्याच आरआयटी पट्टीवर बसवलेली असते, त्यामुळे शिफ्टचा मुद्दाच येत नाही.

ताई, निम्मे चुकणं ही या चाचणीची रचनाच आहे. २११ च्या मुलीला २११ चा प्रश्न दिला तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. २०१ चा दिला तर शंभरात साधारण ७३ वेळा बरोबर, २२१ चा दिला तर २७ वेळा. ज्याचं उत्तर नक्की येणार किंवा नक्की चुकणार, अशा प्रश्नातून काहीच कळत नाही, म्हणून संगणक पन्नास-पन्नासच्या जवळ राहतो. गुण किती प्रश्न बरोबर यावर नसून कोणत्या पातळीचे प्रश्न सुटले यावर ठरतो. निम्मे बरोबर आणणाऱ्या दोन मुलांचे आरआयटी १९० आणि २३० असू शकतात.

खारघर_बाबांचं अर्धं बरोबर. सुरुवातीला अंदाज कच्चा असतो, म्हणून उड्या मोठ्या पडतात. पण पुढे चाळीसेक प्रश्न होतात आणि सुरुवातीची चूक त्यात भरून निघते. शिवाय अंकगणित, भूमिती, मापन अशा सगळ्या भागांतून प्रश्न घ्यावेच लागतात. उत्तर बरोबर येऊनही पुढचा प्रश्न दुसऱ्या भागातला, थोडा सोपा येऊ शकतो. काही नवे प्रश्न तर नुसते तपासून पाहण्यासाठी घातलेले असतात, त्यांचा गुणाशी संबंध नसतो. म्हणून एका सोप्या प्रश्नावरून "माझं चुकलं" हे ओळखताच येत नाही. तिला हे नक्की सांगा, कारण त्या भीतीनंच पुढचे प्रश्न बिघडतात.

घोडबंदर_आई
मग ३ गुणांचं काय?

मापन_वाशी
अहवालात २०८-२११-२१४ असे तीन आकडे असतील. कडेचे दोन म्हणजे चुकीची मर्यादा, साधारण ३ गुण इकडेतिकडे. पहिल्या फेरीलाही तेवढीच होती. दोन्ही मिळून फरकातली चूक चारच्या थोडी वर जाते (३ चा वर्ग ९, ९ आणि ९ ची बेरीज १८, त्याचं वर्गमूळ). म्हणजे ३ ची घट नुसत्या हेलकाव्यातही येऊ शकते. "पडलाय" असं छातीठोक म्हणता येत नाही.

पण खुशही होऊ नका. मधल्या महिन्यांत या वयात गुण वाढणं अपेक्षित असतं. पर्सेंटाइल जास्त घसरलं ते त्यामुळेच, तुलनेतली मुलं पुढे सरकली. ती तुलनाही अमेरिकेतल्या मुलांशी आहे आणि शिकवण्याचे किती आठवडे झाले यावर बेतलेली. तिकडचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. आपल्या शाळेचं जूनमध्ये होत असेल आणि सिस्टममध्ये आठवडे तिकडचेच राहिले असतील, तर पर्सेंटाइल फसवं निघतं. आरआयटी मात्र बदलत नाही.

आता शाळेकडून दोन गोष्टी मागा: दोन्ही वेळी लागलेली मिनिटं, आणि शिक्षकांच्या अहवालातली घाईत टिचकी मारलेल्या प्रश्नांची टक्केवारी.

खारघर_बाबा
चाचणीला वेळेची मर्यादाच नाही ना? मग भरभर सोडवलं तर बिघडलं कुठे?

मापन_वाशी
भरभर सोडवण्यात काही वाईट नाही. प्रश्न वाचूनही होणार नाही इतक्या सेकंदांत उत्तर दिलं तर तो अंदाज धरतात. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, त्यामुळे ती चूक तशीच राहते.

घोडबंदर_आई
बाईंचं उत्तर आलं. आधी ५८ मिनिटं, आता २९. टक्केवारी कुठे दिसते ते त्यांनाही सापडत नाहीये. भागवार पाहिलं तर भूमितीत घट, अंकगणित जवळपास तेवढंच.

मापन_वाशी
वेळ निम्मी झालीय, शंका घ्यायला जागा आहे. भूमितीवर मात्र लगेच क्लास लावू नका. भागवार गुण थोड्याच प्रश्नांवर उभा असतो, त्याची चूक एकूण गुणापेक्षा मोठी असते. टक्केवारी मिळाल्याशिवाय यापुढे सांगणं कठीण.