प्रतिसाद: गाठीचा आकार नव्हे, जागा पाहावी

> “सोनोग्राफीत ४ सेंमीचा फायब्रॉइड, रंगद्रव्याच्या एक्स-रेत ‘बायकॉर्न्युएट गर्भाशय’. दोनदा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. आधी गाठ काढावी का?”

गाठीपेक्षा मला त्या एक्स-रेच्या निदानाची अधिक शंका वाटते. त्या तपासणीत केवळ आतली पोकळी दिसते, गर्भाशयाची बाहेरची कड दिसत नाही. त्यामुळे मधला पडदा असलेले गर्भाशय आणि खरोखर दुभागलेले, म्हणजे बायकॉर्न्युएट, गर्भाशय दोन्ही त्यात जवळपास सारखीच दिसतात. त्रिमितीय सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये वरची कड सपाट असेल, अथवा तिथली खाच १ सेंमीपेक्षा कमी असेल, तर तो बहुधा पडदा असतो, आणि आरंभीच्या गर्भपातांशी त्याचा संबंध अधिक आढळतो. तो हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गे दुर्बीण घालून, पोट न उघडता कापता येतो. मात्र त्याने जिवंत अपत्यजन्माची शक्यता निश्चित वाढते का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. खाच खोल असल्यास गर्भाशय दुभागलेले समजावे. त्यात गर्भ राहतो, पण मुदतपूर्व प्रसूती आणि बाळ आडवे किंवा पायाळू असणे अधिक संभवते, आणि शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत.

फायब्रॉइड पोकळीत डोकावत असेल तर गर्भ रुजण्यात अडथळा येतो, म्हणून तो काढणे योग्य ठरते. बाहेरच्या बाजूचा असल्यास गर्भधारणेसाठी त्याला हात लावू नये. भिंतीतला, पोकळीला न दाबणारा असल्यास निर्णय खरोखरच कठीण आहे, कारण भिंत खोलवर कापल्यास पुढे सिझेरियन करावे लागण्याची शक्यता असते.