मदत हवी आहे: घरमालकाच्या नोटिशीतला लॉक-इन मराठीत कसा लिहावा?

पुण्यात आमच्या शेजारच्या मावशींना घरमालकाची इंग्रजी नोटीस आली आहे. त्यांना नीट वाचता यावी म्हणून मी ती मराठीत करते आहे. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत, ११ महिन्यांचा, १ जूनपासून. लॉक-इन ६ महिने, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. नोटीस पिरियड एक महिना.

‘नोटीस पिरियड’ला ‘पूर्वसूचनेचा कालावधी’ केलं. ‘मुदत’ टाळलं, कारण कराराचीही मुदतच असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. लॉक-इनला ‘बंधनकारक कालावधी’ लिहिलं, तर मावशींनी विचारलं, “म्हणजे मला कोंडून ठेवणार का?” शेवटी ‘लॉक-इन’च ठेवून पहिल्यांदा येतो तिथे ‘या काळात करार मध्येच संपवता येत नाही’ असा खुलासा जोडला. ‘लायसेन्सी’चं ‘भाडेकरू’ मात्र मुद्दाम केलं नाही. कायद्यात दोघांचे हक्क वेगळे आहेत.

अडलंय ते एका वाक्यावर. कराराच्या कलमाचा शब्दशः अर्थ असा: ‘लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल.’ मावशींनी ३१ ऑक्टोबरला लेखी नोटीस दिली, ३० नोव्हेंबरला घर सोडणार. मालक म्हणतात, नोटीसच १ डिसेंबरनंतर द्यायला हवी होती, म्हणून डिसेंबरचं भाडं डिपॉझिटमधून कापणार.

‘नंतर’ हे ‘नोटीस देऊन’ला लागतं की ‘संपवता येईल’ला? इंग्रजीतली संदिग्धता मराठीतही तशीच राहील, कुणाच्याच बाजूने झुकणार नाही, असं वाक्य कसं रचाल?