थकलेल्या बिलांचे दिवस कुठून मोजायचे: बिलाच्या तारखेपासून की मुदतीपासून?

सूतहिशेब: इचलकरंजीत सूत व्यापाऱ्यांकडे हिशेब बघते. ३१ मार्च २०२५ ची येणी ३०, ६०, ९० दिवसांच्या गटांत लावायची आहेत. मालक म्हणतात बिलाच्या तारखेपासून मोज, सीए म्हणतात मुदत संपल्यापासून. कोणाचं ऐकू? शिवाय एकात एक IF घालून सूत्र फार लांबलंय.

वसुली_सांगली: सीएंचं. १५ जानेवारीचं बिल घ्या, उधारी ४५ दिवसांची. मुदत १ मार्चला संपली, म्हणजे ३१ मार्चला बिल ३० दिवस थकलंय. बिलापासून मोजलं तर ७५ दिवस होतात आणि तेच बिल ६१ ते ९० मध्ये जाऊन बसतं. मग त्या पार्टीला कडक फोन जातो, आणि ती पुढचा सौदा दुसऱ्याशी करते.

IF काढून टाका. J2 पासून गटांचा तक्ता करा. पहिल्या रकान्यात प्रत्येक गटाचा फक्त खालचा आकडा, चढत्या क्रमाने:

```
-9999   मुदतीत
1       1 ते 30
31      31 ते 60
61      61 ते 90
91      90 च्या वर
```

D मध्ये मुदतीची तारीख, H1 मध्ये हाताने टाकलेली ३१-०३-२०२५:

```
=VLOOKUP($H$1-D2,$J$2:$K$6,2,TRUE)
```

H1 मध्ये TODAY() नको. उद्या फाइल उघडली की बिलं आपोआप पुढच्या गटात सरकतात आणि सीएंना दिलेल्या कागदाशी मेळ बसत नाही. वरचा उणे आकडाही ठेवाच, नाहीतर मुदत न संपलेल्या बिलांपुढे #N/A येईल.

एक्सेलप्रेमी: शेवटी TRUE कधीच लिहू नये, आमच्या सरांनी बजावलंय. चुकीचं उत्तर देतं. FALSE लिहा.

वसुली_सांगली: पार्टीचं नाव किंवा बिल नंबर शोधताना तुमचे सर बरोबर आहेत. इथे FALSE लिहिलं तर नेमकी १, ३१, ६१, ९१ दिवसांची बिलंच सापडतील, बाकी सगळीकडे #N/A. TRUE म्हणजे त्या आकड्याइतका किंवा त्याच्या लगेच खालचा आकडा शोधणं, आणि गट लावायला तेच हवं. तक्त्याचा क्रम उलटसुलट असेल तर मात्र ते गुपचूप चुकतं, ही भीती खरी आहे.

जीएसटी_मिरज: पण १८० दिवस बिलाच्या तारखेपासूनच धरतात ना? त्यात पैसे दिले नाहीत तर क्रेडिट उलटवावं लागतं. मग मुदतीचा प्रश्नच कुठे येतो?

वसुली_सांगली: तो नियम खरेदीदाराच्या क्रेडिटचा आहे. या ताईंचा प्रश्न येण्यांचा आहे. तुमचा तक्ता देण्यांसाठी वेगळा करा.

फौंड्री_कोल्हापूर: मी मालकांच्या बाजूने. माल गोदामातून गेला त्या दिवसापासून माझं भांडवल अडकतं. मुदत ठरवतो सेल्समन. त्याने कोणाला ९० दिवस दिले तर १२० दिवस अडकलेला पैसाही तुमच्या तक्त्यात ‘१ ते ३०’ मध्ये साळसूदपणे बसतो. आमच्या कॅश क्रेडिटच्या मंजुरीपत्रात ९० दिवसांवरची येणी वगळायची आहेत, आणि ते ९० बिलापासूनचे. मुदतीवरून केलेला तक्ता बँकेत दिला तर उचल जास्त दिसेल. हे नुसतं मत नाही, त्यावर सही माझी असते.

वसुली_सांगली: बँकेचं पटलं, तिथे मंजुरीपत्रात लिहिलंय तेच. पण वसुलीचा फोन कोणाला करायचा हे बँकेचं पत्र ठरवत नाही. सेल्समन भलती मुदत देत असेल तर ती मुदत आवळा, मोजणी का बदलायची?

फौंड्री_कोल्हापूर: कारण मुदत आवळणं माझ्या हातात नसतं, बाजाराच्या हातात असतं.

सूतहिशेब: सूत्र चाललं. पण ‘९० च्या वर’ मध्ये फेब्रुवारीची चार बिलं आलीत. आणि ५ जानेवारीचं एक बिल, त्याची उधारी रोखीची, ‘मुदतीत’ दाखवतंय.

वसुली_सांगली: त्या चार बिलांची D मधली तारीख रिकामी असणार. रिकामा रकाना शून्य धरला जातो आणि दिवस ४५,७४७ येतात. दिवसांचा वेगळा रकाना करून मोठ्यापासून लहान लावा, लगेच वर दिसतील. दुसरं बिल जास्त घातक. संगणक अमेरिकी तारखेवर असेल तर 05/01/2025 ची १ मे होते आणि दिवस उणे ३१ येतात. 15/01/2025 चा पंधरावा महिना नसल्याने ती मजकूर म्हणून डावीकडे चिकटते आणि #VALUE! देते, म्हणून निदान कळते तरी. डावीकडे चिकटलेली एक तारीख दिसली तरी १ ते १२ तारखांची सगळी बिलं मूळ बिलांशी ताडा.

सूतहिशेब: हो, तेच निघालं. आता एकच अडलंय. एका पार्टीने दोन लाख खात्यावर जमा केलेत, कोणत्या बिलापोटी ते सांगितलेलं नाही. सर्वांत जुन्या बिलातून वजा करू?

फौंड्री_कोल्हापूर: हो, जुन्यातूनच.

वसुली_सांगली: मी करणार नाही. जुन्या बिलावर मालाच्या दर्जाचा वाद असेल तर तो वाद तक्त्यातून नाहीसा होतो. पार्टीकडून बिल नंबर लेखी घ्या, तोवर रक्कम वेगळ्या ओळीत उणे दाखवा.

फौंड्री_कोल्हापूर: लेखी देणारी पार्टी आधी दाखवा.