३२ इंची टीव्हीला वाढीव वॉरंटी: किती घ्यावेत?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं टीव्ही-मिक्सरचं दुकान आहे. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची. पुढच्या दोन वर्षांची आपल्या दुकानाची द्यावी म्हणतोय. जुनी वही काढली. १६० टीव्हींपैकी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ११ बॅकलाइटच्या पट्ट्यांसाठी आले (आवाज येतो, चित्र नाही, टॉर्च मारला की पुसट दिसतं), सरासरी १४०० खर्च. ६ बोर्डाचे, १८०० प्रमाणे. ३ पॅनेलचे, ६५०० प्रमाणे. एकूण ४५,७००, म्हणजे टीव्हीमागे २८६. ४०० घेतले तर चालेल ना?

दुकानदार_२
एवढा हिशोब कशाला? किमतीच्या दहा टक्के घ्या, सगळे तेच करतात.

सोल्डरगन
दहा टक्के गिऱ्हाईक देईलही, पण त्यात तुमचा खर्च बसतो का ते कसं कळणार? वहीचा हिशोबच बरा, फक्त वही अपुरी आहे. तुमच्याकडे परत आले तेवढेच त्यात आहेत. बाकीच्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून करून घेतलं असेल. फुकट म्हटल्यावर ते सगळे तुमच्याकडेच येणार. शिवाय ज्याच्या घरी लाइट सारखी कमी-जास्त होते, तोच आधी प्लॅन घेतो.

पॅनेल वगळा. पट्ट्या आणि बोर्ड मिळून २६,२००, म्हणजे टीव्हीमागे १६४. दीडपट धरा, २४६. रिमोटचा सेल संपला, केबल सैल झाली, यासाठीही माणूस पाठवावा लागतो. दोन वर्षांत निम्म्या घरांतून असा एक फोन, १५० चा फेरा, म्हणजे ७५. झाले ३२१. ५९९ घेतलेत तर १८ टक्के जीएसटी जाऊन हातात ५०७.

अंधारातला
माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी आठ महिन्यांत बसली, दुकानदार म्हणतो पाणी घातलं नाही. वॉरंटीत येईल का?

सोल्डरगन
दादा, वेगळा धागा काढा. कार्डावर तारीख आणि शिक्का आहे का तेवढं बघून ठेवा.

धागाकर्ता
पण पॅनेल नाही म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

सोल्डरगन
खरंय. पण प्लॅन घेणारे ४० जण धरा. टीव्हीमागे १८६ सुटतात, म्हणजे साडेसात हजारांच्या आत. एक पॅनेल ६५०० चं. दोन गेली की खिशातून. १६० मध्ये ३ म्हणजे ४० मध्ये पाऊण, पण पाऊण पॅनेल कधी जात नाही. एकही जात नाही, नाहीतर दोन जातात. पॅनेल द्यायचंच तर निम्मा खर्च गिऱ्हाइकाचा असं कार्डावर लिहा. फुटलेला स्क्रीन आणि वीज पडून गेलेला टीव्ही यात नाही, हेही लिहा.

दुकानदार_२
निम्म्यावरून भांडणं होतात हो. मी तर सरळ नवीन टीव्हीवर सूट देतो.

धागाकर्ता
सूट किती देता? आणि जुना टीव्ही परत घेता का?